बाहेरून कोयंडा नको

शाळेत असताना मी दिवसभर पाणी पीत नसे. आमच्या वर्गातली कुणीच पीत नसे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गांधीबागेच्या मागच्या गल्ल्यांमध्ये आमची मुलींची शाळा होती आणि शाळेच्या मागच्या अंगाला संडासांची एक ओळ होती. त्या ओळीला बाहेरून एकच मोठं दार, दाराला कोयंडा, कोयंड्यात कुलूप. चावी ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेली असे. ती हवी असेल तर कारकून आणि शिपाई या दोघांसमोर उभं राहून मागायची, आणि 'कशाला?' असं विचारलं की सांगायचं. तेरा वर्षांची मुलगी हे सांगत नाही. ती मुकाट्याने वर्गात परत जाते आणि संध्याकाळपर्यंत पाय घट्ट जुळवून बसते.

नागपूरचा मार्च म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. तशा उन्हात आम्ही कोरड्या घशाने गणितं सोडवत होतो. मला लघवीची जळजळ सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, "काहून वं, शाळेत पाणी नाई का पेत तू?" मी तिला खरं सांगितलं. आई तडक शाळेत गेली. तिथे तिला उत्तर मिळालं, "उघडं ठेवलं की मुली घाण करतात." आई परत आली आणि मला एक आवळ्याची फोड दिली, तोंडात ठेवली की तहान लागत नाही म्हणून. मला आजही त्या उत्तराचा राग येतो. शाळेत इन्स्पेक्शन असलं की मात्र तेच कुलूप निघायचं, फिनेल टाकलं जायचं, आणि साहेब गेले की पुन्हा कुलूप.

पुढे मी पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा केला, बरीच वर्षं साइटवर उन्हात उभी राहिले, आणि शेवटी पुण्याच्या एका बांधकाम कंपनीच्या नागपूर ऑफिसची प्रमुख झाले. प्रमुख म्हणजे काय, तर सीताबर्डीवर एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, एक कूलर आणि मी. ईमेल नवीनच रुळले होते. मालक पुण्यात बसत आणि तिथून ईमेल सोडत. आमच्याकडे काम आलं की आम्ही ते नागपुरातल्या एखाद्या ठेकेदाराला पोटात, म्हणजे पोटठेक्याने, देत असू. त्याला काम कसं, कधी, किती चांगलं करायचं हे कळवणं हाही मालकांच्या मते त्यांचाच प्रांत होता.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे एक काम आलं. पुण्याच्या कुठल्याशा ट्रस्टने नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेला संडास दुरुस्त करून द्यायला देणगी दिली होती. नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. माझीच शाळा होती ती.

त्याच दुपारी मालकांनी आमच्या नेहमीच्या ठेकेदाराला ईमेल केला आणि मला त्याची प्रत आली. इंग्रजीत चार ओळी होत्या. मराठीत सांगायचं तर एवढंच: शाळेच्या स्वच्छतागृहाचं नूतनीकरण, जागेवरच्या परिस्थितीनुसार, इत्यादीसह संपूर्ण. दर्जा उत्तम असावा. शाळा सुरू होण्यापूर्वी काम पूर्ण करावं. प्रगती वेळोवेळी कळवावी.

ठेकेदाराचं उत्तर दहा मिनिटांत आलं. 'नोटेड सर.'

काय नोट केलं त्याने? 'इत्यादीसह संपूर्ण' नोट केलं? हे दोन शब्द आमच्या धंद्यात प्रत्येक कागदावर असतात, आणि त्यांच्या आड किती माणसं नागवली गेली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. काम देणारा म्हणतो, इत्यादीत सगळंच आलं. काम घेणारा म्हणतो, इत्यादीत काहीच नाही. भांडण काम संपताना होतं, आणि तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात.

बरं, 'शाळा सुरू होण्यापूर्वी' म्हणजे कधी? पुण्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. आमच्या विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या शेवटाला उघडतात. मालकांनी ट्रस्टच्या लोकांना पुण्याच्या हिशोबाने उद्घाटनाचं कबूल केलं होतं. ठेकेदार नागपूरचा, तो नागपूरच्या हिशोबाने निवांत होता. दोघांच्या डोक्यात दोन तारखा, आणि ईमेलमध्ये एकही नाही! दोघंही वाचून समाधानी होते, याचा मला जास्त संताप आला.

मी पुण्याला फोन लावला. "सर, या ईमेलवर काम होणार नाही. मी सविस्तर लिहिते."

"अहो, त्यात काय लिहायचंय? संडास म्हणजे संडास. त्याला कळत नाही का?"

"दारांना आतून कडी कोण लावणार? पाणी कुठून येणार? नकाशात वरची टाकी फुटलेली दाखवलीय, ती कोण बदलणार?"

"कडी तर असतेच दाराला. आणि टाकीचं काही लिहू नका." मालकांचा आवाज जरा खाली आला. "आपण लिहिलं की ती आपल्यावर येते. मोघम राहू द्या. शेवटी तोच बसवेल, त्याचंच काम अडलेलं असतं."

तर असं होतं. मला इतकी वर्षं वाटत असे की ही मोघम भाषा आळसातून येते. ती ठरवून येते हे मी त्या दिवशी कानाने ऐकलं. ट्रस्टला दिलेल्या नकाशात टाकी आणि टाकीपासूनचा पाइप दोन्ही आमच्या कामात दाखवलेले होते. ट्रस्टकडून त्याचे पैसे आम्ही घेणार, आणि खाली ठेकेदाराला लिहिताना गप्प बसणार, म्हणजे तो शेवटच्या आठवड्यात झक मारत आणेल. आणि नाही आणू शकला तर? तर चकचकीत फरशीचे, कोरडे ठणठणीत संडास. मग शाळा काय करणार? कुलूप लावणार. मी फोन ठेवला.

मग मी लिहायला बसले. मराठी अक्षरं तेव्हा ईमेलमध्ये पाठवली की पलीकडे चौकोन उमटत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं. ठेकेदार इंग्रजी वाचायचा, पण अडखळत. अडखळत वाचणारा माणूस मधल्या ओळी सोडून देतो.

आधी काम काय ते लिहिलं. सहा संडास, हात धुवायची एक मोरी. जुनी फरशी आणि संडासाची भांडी काढणं, मलबा शाळेच्या आवाराबाहेर नेणं, नवे पाइप, नवी भांडी, फरशी, भिंतीला टाइल्स, रंग, दारं. प्रत्येक संडासात एक तोटी, एक बादली ठेवण्याइतकी जागा, आणि झाकणाच्या डब्यासाठी कोपरा. हा डबा मुलींच्या पाळीच्या कपड्यांसाठी, हे मी स्पष्ट लिहिलं. पुरुष ठेकेदाराला बाईने हे लिहावं का, असा विचार मनात आला आणि मी तो झटकला. लाजून लिहिलं नाही की तो कोपरा होत नाही.

मग त्याच्या कामात काय नाही तेही लिहिलं. छतावरची टाकी आणि टाकीपासून इमारतीपर्यंतचा पाइप कंपनी देणार, अमुक तारखेपर्यंत. तारीख लिहिली. मालकांचा आवाज कानात होता, तरी लिहिली.

दर्जाचं लिहिताना 'उत्तम' हा शब्द मी एकदाही वापरला नाही. उत्तम मोजता येत नाही. फरशीचा उतार सांडपाण्याच्या जाळीकडे हवा. बादलीभर पाणी ओतल्यावर कुठेही डबकं राहता कामा नये. भिंतीतले पाइप बुजवण्याआधी पाण्याचा दाब देऊन तपासायचे, आणि मी स्वतः पाहिल्याशिवाय त्यांच्यावर प्लास्टर चढवायचं नाही. उन्हाळा आहे, प्लास्टरवर ओली पोती हवीत, सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारायचं. एक दिवस चुकलं तर भेगा. माणसं कामावर पहाटे येतील, दुपारच्या उन्हात बाहेरचं काम बंद, चारनंतर पुन्हा. पुण्याच्या छापील अटींत कामाची वेळ नऊ ते सहा होती. मे महिन्यात नागपुरात नऊ ते सहा! लिहिणाऱ्याला एकदा आमच्या गच्चीवर दुपारी उभं करायला हवं होतं.

दारांचं वेगळं लिहिलं. प्रत्येक संडासाच्या दाराला आतून कडी, लहान मुलीचा हात पोचेल अशा उंचीवर. कुठल्याही दाराला बाहेरून कोयंडा नको. ओळीच्या बाहेरच्या मोठ्या दारालाही नको. हे वाक्य मी दोनदा लिहिलं.

तारखा तीन दिल्या: पाइप तपासणीची, फरशी संपण्याची, आणि काम ताब्यात देण्याची. शेवटची तारीख पुण्याच्या हिशोबातली धरली, आणि ती पुण्याची का, हेही एका ओळीत सांगितलं, म्हणजे तो 'शाळा तं उशिरा उघडते' म्हणून सैल पडणार नाही.

आणि रोज संध्याकाळी एक ईमेल. आज काय झालं, उद्या काय होणार, काय अडलं. एवढ्याच तीन ओळी. 'काम व्यवस्थित चालू आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही. काही अडलं तर संध्याकाळची वाट न पाहता लगेच फोन. शेवटी लिहिलं: 'नोटेड' एवढंच उत्तर पाठवू नका. तुम्ही काय करणार ते तुमच्या शब्दांत लिहून पाठवा, आणि जे पटत नाही ते आत्ता सांगा.

ईमेल पाठवला, प्रत मालकांना. एक प्रत छापून शाळेच्या मोठ्या बाईंना नेऊन दिली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. माझ्या वेळच्या नव्हत्या, नवीन होत्या. "हो हो, छान," म्हणाल्या आणि कागद न वाचता पेपरवेटखाली सरकवला.

मालकांचा फोन अर्ध्या तासात आला. टाकी का लिहिली म्हणून ते माझ्यावर यथेच्छ घसरले. मी म्हटलं, "सर, नकाशात टाकी आपली आहे. खोटं आहे का ते?" खोटं नव्हतं. त्यामुळे ते आणखी चिडले. पण ईमेल गेलेला होता, आणि गेलेला ईमेल परत ओढून आणता येत नाही. त्या यंत्रावर तेव्हा मी पहिल्यांदा खूश झाले.

ठेकेदाराचं उत्तर मात्र येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी थेट त्याच्या चालू साइटवर गेले. तो चाळिशीतला, उत्तर नागपुरातला माणूस. वडील गवंडी, आता हा स्वतः दहा-बारा माणसं घेऊन कामं करायचा. घराजवळच्या सायबर कॅफेत रोज संध्याकाळी ईमेल बघायचा. मला पाहून त्याने नेहमीसारखी खुर्ची पुढे केली नाही.

"ईमेल मिळाला ना भाऊ?"

"भेटला."

"मग उत्तर?"

"काय उत्तर देऊ मॅडम?" तो म्हणाला, आणि त्याचा राग एकदम बाहेर आला. "एवढं काहून लिवलं तुमी? आजवर एवढी कामं केली, कोनी मले असं लिवून नाई धाडलं. पानी मारा, पोती टाका, मले दाखवल्याबिगर प्लास्टर करू नका! माया बापानं भिंती उभ्या केल्या या शहरात. भरोसा नाई तं काम काहून देता?"

हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे शब्द दिला की झालं. लिहून मागणं म्हणजे संशय घेणं. चार ओळींच्या ईमेलने त्याचा मान ठेवला होता, आणि माझ्या दोन पानांनी घालवला होता, असं त्याला वाटत होतं. आणि गंमत बघा, ज्या चार ओळींनी त्याचा मान ठेवला त्याच चार ओळी त्याचा गळा धरणार होत्या.

माझाही पारा चढला. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही ते नीट वाचलं का? का पोतीपर्यंतच वाचलं? टाकीचं काय लिहिलंय?"

त्याने पोतीपर्यंतच वाचलं होतं.

"टाकी आमची, असं लिहिलंय. तारखेसकट. आधीच्या ईमेलमध्ये होतं का हे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "मले तं वाटलं टाकी मलेच आनावी लागन. दर टायमाले लागते."

"दर वेळी का लागते? कारण कुणी लिहीत नाही. हा कागद तुम्हालाच बांधत नाही, आम्हालाही बांधतो. उद्या आम्ही टाकी दिली नाही तर हेच आमच्या तोंडावर मारा."

त्याने आता खुर्ची पुढे केली. मग म्हणाला, "पुन्याच्या साहेबाच्या तोंडावर?"

"त्यांच्याच."

त्या संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांतलं अस्सल नागपुरी, एकेका मुद्द्याला धरून. पाइप तपासणीची तारीख जमणार नाही, दोन दिवस पुढे हवी, कारण भांडी उशिरा येणार. मी ती बदलली. कडीची उंची किती म्हणून त्याने विचारलं होतं, मी सांगितली. कोयंड्याबद्दल त्याने एवढंच लिहिलं होतं: 'बाहेरून कोयंडा नाही, बराबर?' मी लिहिलं, बरोबर.

काम सुरू झालं. रोज संध्याकाळी तीन ओळी येत. एकदा आलं, 'आज पाइप झाले, उद्या दाब, अडलं काही नाही.' मी सकाळी सातला गेले. एका जोडातून पाणी ठिपकत होतं. मी सांगायच्या आत त्याने जोड उघडून नवा केला आणि पुन्हा दाब दिला. प्लास्टर चढवून झालं असतं तर ती ओल पावसाळ्यात भिंतीवर फुलली असती आणि दोष मुलींवर गेला असता, घाण करतात म्हणून.

मग टाकीची तारीख आली आणि गेली. संध्याकाळच्या ईमेलमध्ये तिसऱ्या ओळीत आलं: 'अडलं: टाकी. कंपनीकडे.' दुसऱ्या दिवशी तेच. मी पुण्याला फोन केला. मालक म्हणाले, "त्याला म्हणावं, बघ जरा तिकडे मिळते का. नंतर पाहू." नंतर पाहू! मी न भांडता फोन ठेवला. मी गप्प बसले की मला स्वतःचीच भीती वाटते.

तिसऱ्या संध्याकाळी ठेकेदाराने तीन ओळींच्या खाली माझा तो जुना ईमेल जोडला आणि सगळं मालकांना पाठवलं, मला प्रत. वर एकच वाक्य लिहिलं होतं: साहेब, टाकी तुमच्याकडे आहे, तारीख तुम्हीच दिली, टाकीशिवाय माझी शेवटची तारीख धरू नये.

मालकांनी मला फोन करून विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत त्याला?"

"मी लिहिलं," मी म्हटलं. "वाचलं त्याने."

ते काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढं खरं की उद्घाटनाला ट्रस्टची माणसं पुण्याहून येणार होती, आणि पाणी का नाही असं त्यांनी विचारलं असतं तर बोट कुणाकडे जाणार हे आता लिहिलेलं होतं. चार दिवसांत टाकी छतावर चढली. मोघम ईमेल असता तर ती त्या ठेकेदाराच्या बोडक्यावर चढली असती, आणि तोही मुकाट्याने वाहत बसला असता, दर वेळेसारखा.

काम ताब्यात देण्याच्या आधी दोन दिवस मी तपासणीला गेले. फरशीवर बादली ओतली, पाणी सरळ जाळीत गेलं. तोट्या सुरू. मग दारांकडे वळले आणि माझं डोकंच फिरलं. सहाच्या सहा दारांना बाहेरून चकचकीत कोयंडे. आतून काही नाही.

"हे काय आहे?"

ठेकेदाराने दारं बघितली आणि कपाळावर हात मारला. तो दोन दिवस दुसऱ्या साइटवर होता आणि सुताराने दारं बसवली होती. दार बसवलं की आधी बाहेरून कोयंडा, हे सुतारांच्या हातात बसलेलं असतं. घर, दुकान, गोदाम, सगळीकडे तसंच. दार आपल्याकडे बाहेरच्या माणसासाठी बनतं. आत असलेल्या माणसाला बंद करून घ्यायचं असेल, हा विचार कुणाच्या हाताला सवयीचा नाही.

"कोन्या भैताडानं लावले हे?" ठेकेदार सुतारावर ओरडला. "लिवून आलं होतं ना बाहेरून नाई म्हनून!"

"मले कोनी नाई सांगतलं," सुतार म्हणाला. तो खरं बोलत होता. माझी दोन पानं ठेकेदारापर्यंत पोचली होती आणि तिथेच थांबली होती. ठेकेदाराला ते कळलं. तो सुतारावर आणखी ओरडला नाही. कोयंडे काढले, भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवली, घासून पुन्हा रंग दिला, आणि आतून कड्या लावल्या. मी शाळेतली एक छोटी मुलगी शोधायला लागले तर सुट्टी होती, कुणी नव्हतं. मग मी गुडघ्यांवर बसून हात वर करून बघितलं. पोचत होता.

ताबा द्यायच्या दिवशी मोठ्या बाई आल्या. टाइल्स बघून खूश झाल्या. "किती छान! आता हे असंच राहायला हवं." मग बाहेरच्या मोठ्या दाराकडे आल्या, दार पुढे-मागे करून पाहिलं आणि ठेकेदाराला विचारलं, "कोयंडा राहिला वाटतं इथे?"

ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार तेवढ्यात तोच बोलला. "राहिला नाई बाई. आमच्या कामात नाई तो."

"अहो, मग कुलूप कुठे लावायचं? लावून द्या ना. तुमच्या सुताराच्या पिशवीत आहेत की पडलेले."

आणि होतेही. काढलेले सहा कोयंडे त्या पिशवीत वाजत होते.

"हायेत," ठेकेदार म्हणाला. "पन लिवून आलं हाय. बाहेरून कोयंडा नको. दोन डाव लिवलं हाय. तुमाले बी कागद देला होता मॅडमनं."

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "पण मॅडम, उघडं ठेवलं तर मुली घाण करतात."

तेच वाक्य. माझ्या आईला सांगितलेलं, शब्दही न बदलता. इतक्या वर्षांत खिडक्या बदलल्या, फळे बदलले, बाई बदलल्या, आणि हे वाक्य तसंच भिंतीत राहिलं होतं.

माझा आवाज चढला तो मी उतरवला नाही. मी म्हटलं, "बाई, मी याच शाळेतली आहे. दहा वर्षं इथे मी पाणी प्यायले नाही, कारण चावी तुमच्या ऑफिसात होती. घाण झाली तर धुवा. धुवायला माणूस ठेवा. पण कुलूप लावायला मी जागा ठेवलेली नाही."

उद्या त्या बाजारातून कोयंडा आणून लावू शकत होत्या, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. पण तो त्यांना स्वतः, सगळ्यांसमोर, नवीन रंगात भोकं पाडून लावावा लागला असता. त्यांनी ताब्याच्या कागदावर सही केली आणि ऑफिसात निघून गेल्या.

सुताराने पिशवी उचलली. ठेकेदार मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या कामाले बी असंच लिवा. पन सुताराचं पान अलग काढा."

ते दोघं गेले. आवार रिकामं झालं. ऊन रणरणत होतं. मी शाळेच्या नळाखाली ओंजळ धरली आणि पोट भरेपर्यंत पाणी प्यायले. चाळिशी उलटलेली बाई, त्या शाळेत पहिल्यांदाच. मग सरळ आत गेले आणि आतून कडी लावली.